सहीची तारीख लिही

मुलुंड, २७ जुलै २०२६

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल तू चार कॅलेंडरं घेऊन आलीस. एक फोनमधलं, एक कॉलेजने पाठवलेलं पीडीएफ, एक सिनियरने दिलेली एक्सेलची फाइल, आणि चौथं तुमच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय, ज्यावर तुझ्या आईने तुझ्या परीक्षा लाल पेनाने गोल केल्या आहेत. वर मला विचारलंस, ‘काकू, यातलं नक्की कुठलं धरू?’ तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी चहा देऊन तुला वाटेला लावलं. आज सवडीने लिहिते आहे. लांबेल, पण पूर्ण वाच.

एकही धरू नकोस. चारांचं एक कर, आणि त्या एकात जे चारांतल्या एकातही नाही ते लिही. चारही ठिकाणी जमा करायची तारीख आहे, सहीची तारीख कुठेच नाही. इतकी वर्षं प्रयोगशाळेच्या टेबलामागे बसून मी एवढंच पाहिलं, की मुलं जमा करायच्या तारखेला घाबरतात आणि अडकतात मात्र सहीला. प्रयोग केला म्हणजे झाला नाही. लिहून काढला म्हणजेही झाला नाही. वहीवर सरांची सही झाली तरच झाला.

आधी ती सिनियरची एक्सेल फाइल काढून टाक. तुला वाटतंय की नुसतं वर्ष बदललं की काम भागेल. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला आले होते. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेला, त्यामुळे ते १४ सप्टेंबरला येतात. लक्ष्मीपूजन गेल्या वर्षी २१ ऑक्टोबरला होतं, यंदा ८ नोव्हेंबरला. म्हणजे अख्खा सणांचा घोळका जवळजवळ अडीच आठवडे पुढे सरकून तुझ्या सेमिस्टरच्या पोटात शिरला आहे. त्या सिनियरच्या गणपतीच्या सुट्टीच्या वेळी निम्मं सेमिस्टर बाकी होतं. तुझी सुट्टी संपेल तेव्हा फायनल सबमिशनला सहा आठवडे उरलेले असतील. त्याचं कॅलेंडर त्याच्यासाठी उत्तम होतं, तुला ते खड्ड्यात घालेल.

आता कॉलेजचं पीडीएफ घे. त्यातल्या तारखा मी काल कागदावर उतरवून घेतल्या होत्या. वर्ग २० जुलैला सुरू झाले. पहिली इंटर्नल ७ ते ९ सप्टेंबर. १४ ते १८ गणपतीची सुट्टी. दुसरी इंटर्नल २६ ते २८ ऑक्टोबर. ३० ऑक्टोबरला फायनल सबमिशन, २ ते ५ नोव्हेंबर प्रॅक्टिकल-ओरल, मग दिवाळी, आणि १७ नोव्हेंबरपासून थिअरीचे पेपर. हे सगळं तू फोनमध्ये भरलंस आणि ‘प्लॅनिंग झालं’ म्हणालीस. हे प्लॅनिंग नव्हे, ही कॉलेजची नोटीस आहे, तू ती फक्त पुन्हा टाइप केलीस.

तुझी इलेक्ट्रॉनिक्सची लॅब शुक्रवारी. हे तू सहज, जाता जाता बोललीस, आणि मला तिथेच धडकी भरली. वही काढ आणि माझ्याबरोबर मोज. २४ जुलैपासून ३० ऑक्टोबरपर्यंत पंधरा शुक्रवार येतात. पहिला परवाच बॅच पाडण्यात आणि नियम सांगण्यात गेला. १८ सप्टेंबर गणपतीच्या सुट्टीत. २५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आहे, तीही शुक्रवारी. त्याच्या पुढचा शुक्रवार २ ऑक्टोबर, गांधी जयंती. लागोपाठ तीन शुक्रवार गेले. ३० ऑक्टोबरला सबमिशन, म्हणजे त्या दिवशी कोणी प्रयोग लावून देणार नाही. राहिले दहा. आणि तुझ्या लॅबच्या यादीत प्रयोगही दहा.

दहाला दहा, म्हणजे बसतंय असं तुला वाटेल. बसत नाही. प्रयोग ज्या शुक्रवारी करशील त्याचं लिखाण तपासून सही मिळते पुढच्या शुक्रवारी. दहावा प्रयोग २३ ऑक्टोबरला करशील, आणि त्याची सही थेट सबमिशनच्या दिवशी, अख्ख्या वर्गाच्या रांगेत उभं राहून. शिवाय मुंबईत ऑगस्टमध्ये एखाद्या शुक्रवारी पाऊस कोसळला, कॉलेजांना सुट्टी जाहीर झाली, की नऊच उरतात. राखीपौर्णिमाही २८ ऑगस्टला, शुक्रवारीच आहे. कॉलेज चालू असेल, पण तुझी पार्टनर नाशिकची, ती घरी जाणार हे तिने आत्ताच सांगितलंय म्हणालीस. एकटीने सर्किट लावायची तयारी ठेव.

गुरुवारच्या बॅचचं बघ. त्यांनाही पंधरा दिवस. एक सुरुवातीचा गेला, एक गणपतीत गेला, एक सबमिशनच्या आदल्या दिवशीचा. राहिले बारा. अभ्यासक्रम तोच, सर तेच, तारखाही त्याच, आणि त्यांच्याकडे दोन दिवस जास्त. कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये हा फरक कुठे दिसतो का? नाही. तो दिसतो फक्त तुझ्या बॅचचा वार धरून एकेक तारीख लिहिलीस तरच. म्हणून म्हणते, विषयांची नावं नंतर लिही, आधी तुझे शुक्रवार लिही.

आता ते दोन दिवस कुठून आणायचे ते सांगते. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, २४ सप्टेंबरला, गुरुवार आहे आणि लॅब चालू आहे. १ ऑक्टोबरलाही गुरुवार. त्या दोन दिवशी गुरुवारच्या बॅचमध्ये बसू द्या म्हणून सरांना विचारायचं. पण लगेच उड्या मारू नकोस, कारण बॅचची फिरती अशी असते की गुरुवारी ते इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना तुम्ही त्याच वेळी वरच्या मजल्यावर पायथॉनच्या लॅबमध्ये असता. तिथली दोन प्रॅक्टिकल बुडतील.

बुडू देत. का ते नीट समजून घे, कारण अख्ख्या नियोजनाची मेख इथे आहे. पायथॉनचा प्रोग्राम तू घरी लॅपटॉपवर रात्री अकराला लिहू शकतेस, लोकलमध्ये बसून सुधारू शकतेस. सीआरओ आणि फंक्शन जनरेटर तू घरी नेऊ शकत नाहीस. एक काम उपकरणाला बांधलेलं आहे, दुसरं नाही. कॅलेंडरवर दोन्ही एकाच रंगाने ‘लॅब’ म्हणून लिहिलंस की हा फरक पुसला जातो, आणि मग ऑक्टोबरात मुली पायथॉनची फाइल सजवत बसतात आणि इलेक्ट्रॉनिक्सची रीडिंग बाकी राहतात. पायथॉनच्या मॅडमना आधीच भेट, त्या दोन दिवसांचे प्रोग्राम १० सप्टेंबरला करून दाखव, आणि दोघांची परवानगी कागदावर घे. तोंडी ‘हो’ सप्टेंबरच्या शेवटी कोणाच्या लक्षात राहत नाही. हे विचारायचं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. २३ सप्टेंबरला विचारशील तर टेबलं भरलेली असतील आणि सर म्हणतील, ‘आता आठवलं का?’ मीही हेच म्हणायचे.

असं केलंस तर हिशोब बघ. ३१ जुलैपासून ११ सप्टेंबरपर्यंत सात प्रयोग. २४ सप्टेंबरला आठवा, १ ऑक्टोबरला नववा, ९ ऑक्टोबरला दहावा. १६ ऑक्टोबरला दहाव्याची सही. १६ आणि २३ असे दोन शुक्रवार हातात. पावसाने एक खाल्ला, तब्येतीने एक खाल्ला, तरी तू रांगेत नाहीस. नाही केलंस तर ११ सप्टेंबरनंतर थेट ९ ऑक्टोबर. चार आठवडे तू लॅबचं तोंड बघणार नाहीस, आणि मग प्रोब कुठल्या चॅनेलला लावायचा इथपासून पुन्हा सुरुवात.

सहीबद्दल अजून बोलायचंय. तू म्हणालीस, ‘रीडिंग घेतले की लिहायला किती वेळ लागतो, सुट्टीत सगळे एकदम लिहीन.’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता चिडायलाही येत नाही. तुमचा अ‍ॅम्प्लिफायरच्या फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा प्रयोग घे. इनपुट वीस मिलिव्होल्टवर धरून ठेवायचं, फ्रीक्वेन्सी पन्नास हर्ट्झपासून मेगाहर्ट्झपर्यंत वाढवत न्यायची, प्रत्येक ठिकाणी आउटपुट मोजायचं. मग सेमी-लॉग कागदावर ग्राफ, आणि गेन कमाल गेनच्या सुमारे सत्तर टक्क्यांवर उतरतो त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे बँडविड्थ. आता समज, तुझ्या वहीत वरच्या टोकाला गेन पडलेलाच नाही, कारण तू पाचशे किलोहर्ट्झला थांबलीस आणि घरी गेलीस. ग्राफ काढायला बसशील तेव्हा कळेल की उजवा उतार नाहीये. त्याच आठवड्यात बसलीस तर पुढच्या शुक्रवारी दहा मिनिटांत चार रीडिंग जास्तीची घेता येतात. दिवाळीच्या तोंडावर बसलीस तर उरतो एकच मार्ग, शेजारणीची वही.

आणि शेजारणीची वही ओळखू येते गं. दोन टेबलांवरचे रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे नसतात, दोघींचा डोळा पडद्यावरची रेघ सारखी वाचत नाही. दोन जर्नलांत गेन दशांशानंतरच्या दुसऱ्या आकड्यापर्यंत जुळला की तपासणाऱ्याला पुढे काही बघावं लागत नाही. एका मुलाचं असं मी पकडलं होतं. शेवटच्या दिवशी दहाच्या दहा प्रयोग सुवाच्य अक्षरात लिहून आणले होते, इंडेक्स पूर्ण, कव्हर घातलेलं. कच्च्या वहीत रीडिंगच्या पानावर माझी सही फक्त चार प्रयोगांना. बाकी सहांना मी सही केली नाही आणि त्याची टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे परीक्षेला बसता आलं नाही. त्याचे वडील आले, हात जोडून उभे राहिले. स्टाफरूममध्ये मला म्हणाले, मॅडम, सही तर करायचीय, तुमचं काय जातंय? माझं काहीच जात नव्हतं. पण ज्या मुलींनी पावसात भिजत येऊन दहा शुक्रवार उभ्या राहून ते रीडिंग घेतले होते, त्यांच्या सहीला मग काय किंमत राहिली असती? आजही कोणी मला खडूस म्हणतं तेव्हा मी हेच सांगते, आणि आजही मी तेच करेन. त्या मुलाचा चेहरा मात्र मला आठवतो, ही गोष्ट वेगळी. तो आळशी नव्हता. त्याच्याकडेही तुझ्यासारखंच रंगीत वेळापत्रक होतं, आणि त्यात शेवटची तारीख अगदी बरोबर लिहिलेली होती.

असो. त्याचं काय, तुझं बघू.

तर तुझ्या कॅलेंडरवर प्रत्येक प्रयोगाला दोनच नोंदी. ज्या दिवशी करशील तो शुक्रवार, आणि ज्या दिवशी सही होईल तो पुढचा शुक्रवार. ‘लिहायचा’ दिवस लिहू नकोस, तो तू मंगळवारी लिही नाहीतर गुरुवारी गाडीत, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. जर्नलच्या पहिल्या पानावर इंडेक्स असतो ना, क्रमांक, प्रयोगाचं नाव, तारीख, पान, सही? त्यात दहाही तारखा आजच पेन्सिलीने भरून ठेव. सही झाली की पेनाने गिरव. दर रविवारी फक्त एक वजाबाकी करायची: केलेले प्रयोग वजा सही झालेले. उत्तर एक आलं तर सगळं ठीक, कारण या आठवड्याचा प्रयोग नेहमी बाकी असणारच. दोन आलं तर त्या आठवड्यात बाकी काही नको, आधी ते. तीन आलं तर तू त्या मुलाच्या वाटेवर आहेस, आणि ते तुला सप्टेंबरात कळलेलं बरं.

असाइनमेंटचं गणित वेगळं आहे आणि तिथे माझा फार जीव नाही, तरी सांगते. पाच विषय, प्रत्येकी दोन. प्रत्येक शिक्षकाला आपलाच विषय दिसतो, त्यामुळे दुसरी असाइनमेंट पाचही जण ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच मागतात. ती आधी लिहून ठेवता येत नाही, कारण ती शेवटच्या मॉड्यूलांवर असते आणि ती मॉड्यूलं तोवर शिकवून झालेली नसतात. म्हणजे ऑक्टोबरचा शेवट या पाचांसाठी राखीव आहे, तुझी इच्छा असो वा नसो. त्याच आठवड्यांत दुसरी इंटर्नल. हे हलत नाही. हलू शकतं ते फक्त जर्नल, आणि ते पुढे नाही, मागेच हलतं. पहिली असाइनमेंट मात्र गणपतीच्या आधी संपव. सुट्टीत लिहीन म्हणू नकोस. तुमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, घर पाहुण्यांनी भरलेलं, तू मोदक वळत असशील, आणि वळावेसही.

असाइनमेंटलाही सहीचीच तारीख लिही. जमा करायची तारीख २३ ऑक्टोबर असेल तर कॅलेंडरवर १९ ऑक्टोबर, सोमवार. २० तारखेला दसरा आहे, त्याची एक सुट्टी. आणि सेमिस्टरच्या शेवटी शिक्षक जागेवर सापडत नाहीत. कोणी दुसऱ्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेलेलं असतं, कोणी पेपर तपासायला. तू तारखेच्या आत पोचलीस आणि केबिनला कुलूप, तर चूक कोणाची यावर वाद घालता येईल, सही मिळणार नाही. प्रत्येक सरांचा आठवड्यातला एक नक्की भेटायचा तास विचारून घे आणि तो कॅलेंडरवर टाक. मुलं सगळं टाकतात, क्रिकेटच्या मॅचसुद्धा टाकतात, पण ज्याची सही हवी तो माणूस कधी भेटतो हे टाकत नाहीत.

तुला वाटेल, काकूला सहीचं वेड लागलंय. लागलंय. अभ्यास हा खरा, सही हा उपचार, असं तू काल थोडं नाक उडवूनच म्हणालीस, आणि मी गप्प बसले. मीही तुझ्या वयात हेच म्हणायचे. पण सहीच्या वेळी सर दोन प्रश्न विचारतात. कपलिंग कपॅसिटर काढला तर काय होईल, खालच्या फ्रीक्वेन्सीला गेन का पडतो. प्रयोग आठवड्यापूर्वीचा असेल तर उत्तर येतं. दहा आठवड्यांपूर्वीचा असेल तर येत नाही, आणि २ नोव्हेंबरला ओरलला बाहेरून आलेले परीक्षक नेमके हेच विचारतात. दर शुक्रवारी सही घेणारीची ओरलची तयारी आपसूक झालेली असते. तेव्हा उपचार म्हणून का होईना, घे.

कॅलेंडर फोनमध्ये ठेव की भिंतीवर, मला फरक पडत नाही. एकच ठेव म्हणजे झालं. आईच्या कालनिर्णयवर खुणा राहू देत, तिला त्याचं समाधान आहे, फक्त तू त्याकडे बघू नकोस. दुसरीकडे कुठे काही कळलं, ग्रुपवर, नोटीस बोर्डवर, मैत्रिणीकडून, की त्याच दिवशी त्या एकात उतरव आणि जुनी तारीख खोडून नवी लिही. पुसून टाकू नकोस, खोड. तारीख किती वेळा बदलली हे दिसलं की कुठल्या सरांच्या तारखेवर विसंबायचं ते दोन महिन्यांत तुझं तुला कळतं.

मिनी प्रोजेक्टचं मी मुद्दाम बोलत नाही, कारण तुमचा ग्रुपच अजून ठरलेला नाही. ठरला की ये. तोपर्यंत एवढंच, की ठाण्याच्या मुलीकडे रविवारी भेटायचं ठरवताना मेगाब्लॉक बघून ठरवा. निम्मा ग्रुप दुपारी दोनला पोचतो आणि चारला निघतो.

या आठवड्यात तीन कामं. स्टेशनबाहेरच्या दुकानातून सेमी-लॉग कागद घेऊन ये, हव्या त्याहून पाच जास्तीचे. ऑक्टोबरच्या शेवटी ते मिळत नाहीत आणि मुली साध्या ग्राफ पेपरवर रेघा ओढून फसतात. शुक्रवारी पहिला प्रयोग आहे, त्याची रीडिंग तिथल्या तिथे सरांना दाखवून कच्च्या वहीवर सही घे, घरी आणू नकोस. आणि २४ सप्टेंबर नि १ ऑक्टोबरच्या परवानगीचा अर्ज लिही. रविवारी तो घेऊन ये, पाठवण्याआधी मी एकदा वाचते. तुला अर्जात ‘विनंती’ चार वेळा लिहायची सवय आहे, ती काढायची आहे.

तुझी,
काकू